तीन फुटांचे झाड खरे कसे दिसते

मागच्या डिसेंबरात आमच्या हाउसच्या कॉमन रूममध्ये नाताळचे झाड उभे केले होते. पालक भेटीला आले तेव्हा एका कॅडेटची पाच-सहा वर्षांची बहीण त्यासमोर थांबली आणि आईला मोठ्याने म्हणाली, "आई, एवढा मोठा बाटली धुवायचा ब्रश!" सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण ती खरेच बोलली होती. मधला हिरवा दांडा वरपासून खालपर्यंत दिसत होता, फांद्या त्याला काटकोनात चिकटल्यासारख्या होत्या, आणि वरून खालपर्यंत गुंडाळलेल्या लाल फितीमुळे ते झाड एमआय रूममधून पट्टी बांधून आल्यासारखे वाटत होते.

या वर्षी ते काम माझ्याकडे आणि माझ्या दोन वर्गमित्रांकडे आले. झाड तेच, तीन फुटांचे, प्लॅस्टिकच्या सुयांचे, बाजारात मिळते तसले. नवे घ्यायला पैसे नव्हते आणि हाउस मास्टर सरांनी स्पष्ट सांगितले होते की आहे त्यातच करायचे. हाती दोन संध्याकाळी होत्या, प्रेपनंतर दीड-दीड तास.

आणखी एक कारण होते. आमच्या हाउसमध्ये सहावीतला एक कॅडेट मेघालयचा आहे. घरापासून दूर राहण्याचे त्याचे हे पहिलेच वर्ष. आमची शाळा हिमाचलच्या डोंगरात. सत्र संपते २३ तारखेला, मग खाली उतरून दिल्ली, तिथून गुवाहाटीची गाडी, पुढे शिलाँगचा रस्ता. म्हणजे २५ डिसेंबरचा अख्खा दिवस तो रेल्वेच्या डब्यात असणार होता. त्याच्यासाठी या वर्षीचा नाताळ म्हणजे हाउस डिनरच्या रात्रीचे हेच झाड.

आम्ही खोक्यातून झाड काढत होतो तेव्हा तो दारात उभा राहून पाहत होता. मी विचारले, "तुमच्याकडे कसले झाड असते रे?" तो म्हणाला, "पाइनची फांदी सर. खरी. बाबा आणतात." थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "याच्या आत अंधार नाही, सर."

मला आधी कळले नाही. दुसऱ्या दिवशी पीटीनंतर परेड ग्राउंडच्या कडेला उभ्या असलेल्या एका लहान देवदाराकडे मी नीट पाहिले, तेव्हा कळले. खऱ्या झाडाचे खोड दिसत नाही. बाहेरच्या डहाळ्यांवर उजेड असतो आणि आत जावे तसे हिरवे गडद होत जाऊन शेवटी काळे होते. आपल्या डोळ्याला तो काळेपणा म्हणजेच "झाड भरलेले आहे" असे वाटते. आमच्या प्लॅस्टिकच्या झाडातून मात्र पलीकडची भिंत दिसत होती. मोठ्या कृत्रिम झाडात फांद्याच इतक्या असतात की आतला अंधार आपोआप तयार होतो. तीन फुटांच्या झाडात तो आपल्याला तयार करावा लागतो. पुढे जे जे लिहिले आहे ते सगळे त्यासाठीच केले.

पहिले काम फांद्या फुलवण्याचे, आणि निम्मे यश त्यातच आहे. आमच्या झाडाच्या खोक्यावर ११० टोके असे लिहिलेले आहे. मोजून पाहिली तेव्हा खालच्या थरात ८ फांद्या आणि प्रत्येकीला ५ डहाळ्या, त्यावर ७ फांद्यांना चार-चार, मग ६ फांद्यांना चार-चार, मग ५ फांद्यांना तीन-तीन आणि शेंड्याच्या ३ डहाळ्या. बरोबर ११०. मागच्या वर्षी आम्ही सगळे झाड पाच मिनिटांत उघडले होते, म्हणजे एका डहाळीला तीन सेकंदही मिळाले नव्हते. या वर्षी प्रत्येक डहाळीला साधारण १५ सेकंद दिले. हिशोब केला तर जेमतेम अर्धा तास होतो. एवढ्या अर्ध्या तासासाठी आम्ही मागच्या वर्षी ब्रश म्हणवून घेतले.

खोक्यात वर्षभर दाबून ठेवलेले झाड थंडीत लगेच उघडू नये. प्लॅस्टिक गारठले की कडक होते आणि सुया तारेला चिकटून सपाट पडलेल्याच राहतात. आमच्याकडे डिसेंबरात खोलीतही बोटे वाकत नाहीत, तिथे प्लॅस्टिकची काय कथा. आम्ही झाड दुपारी तासभर उन्हात ठेवले. सुया मऊ झाल्या आणि डहाळीवरून बोट उलट्या दिशेने, म्हणजे टोकाकडून खोडाकडे फिरवले की उभ्या राहू लागल्या. मेट्रन मॅडमनी जुने हातमोजे दिले ते बरे झाले, कारण सुयांच्या कापलेल्या कडा बोटांना बारीक ओरखडे काढतात आणि ते रात्री चुरचुरतात.

सुरुवात खालच्या थरापासून करायची आणि प्रत्येक फांदीत खोडाजवळच्या डहाळीपासून. आम्ही नेमके उलटे करायचो. बाहेरची टोके छान पसरायची आणि आतली तशीच मिटलेली राहायची, त्यामुळे दांडा उघडा पडायचा. पाच डहाळ्यांची फांदी असेल तर खोडाजवळच्या दोन वर आणि थोड्या मागे, दांड्याकडे वळवायच्या. त्यांचे काम दिसणे नाही, दांडा झाकणे आहे. पुढची एक डावीकडे, एक उजवीकडे आणि शेवटची सरळ पुढे. हाताचा पंजा उघडल्यासारखा आकार यायला हवा, पण पंजा पाटावर ठेवल्यासारखा सपाट नको. कुठले बोट वर, कुठले खाली असे हवे. दोन शेजारच्या फांद्यांच्या डहाळ्या एकमेकींत थोड्या शिरल्या पाहिजेत, म्हणजे मधली फट बुजते.

फांदी कुठल्या कोनात असावी हे त्या देवदारानेच शिकवले. लहान झाडाच्या खालच्या फांद्या जवळजवळ आडव्या असतात आणि टोकाकडे किंचित झुकतात. मधल्या आडव्याच पण टोके उचललेली. वरच्या मात्र आकाशाकडे निघालेल्या. सगळ्या फांद्या एकाच कोनात ठेवल्या की छत्री होते. आम्ही खालच्या थराची टोके इतकी खाली झुकवली की लोखंडी स्टँडचे तीन पाय त्यात अर्धे लपले.

इथे एक चूक झाली ती सांगतो. माझ्या एका मित्राला एका फांदीचा कोन पटेना. त्याने ती मुळाशी धरून वर-खाली, वर-खाली केली आणि सातव्या-आठव्या वेळी ती हातात आली. आतली तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, दाभणासारखी जाड असली तरी. फांदी मुळाशी एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग कमानीसारखा वळवायचा, म्हणजे वाक सगळ्या लांबीवर पसरतो. तुटलेली फांदी आम्ही फेकली नाही. तिचे पुढे काम पडले.

फांद्या झाल्यावर पारखायची एक युक्ती आहे. खोलीतले दिवे बंद करून झाडाच्या मागे टॉर्च धरायची आणि समोर दहा पावलांवर उभे राहायचे. जिथून उजेडाचा ठिपका सरळ डोळ्यात येतो तिथे भोक आहे. आम्हाला पहिल्या खेपेला अकरा भोके सापडली. डहाळ्या वळवून आठ बुजली. उरलेली तीन दुसऱ्या थरात, तुटलेल्या फांदीच्या आसपास होती. ती कुठे आहेत हे लक्षात ठेवून आम्ही पुढे गेलो.

आता दिवे. एक माळ पुरे, १०० बारीक एलईडींची, पिवळसर उजेडाची आणि हिरव्या वायरची. ती आधी जमिनीवर पसरून लावून पाहावी, कारण झाडावर चढवल्यावर बंद पडलेली माळ काढणे म्हणजे गुंता सोडवण्याची शिक्षा. माळ झाडाभोवती बाहेरून गुंडाळू नये. स्टँडपाशी सुरू करून खोडाबरोबर वर, मग एका फांदीवरून अर्ध्यापर्यंत बाहेर, परत खोडाकडे, मग पुढची फांदी. अशाने निम्मे दिवे आत राहतात आणि आतल्या अंधारात खोलवर काहीतरी लुकलुकते आहे असे वाटते. बाहेरून गुंडाळलेल्या माळेचे सगळे दिवे एकाच पातळीवर येतात आणि झाड चपटे दिसते. लुकलुकण्याचा वेग बदलणारे बटण असते, त्यावर आमच्यात मतदान झाले. पाच विरुद्ध दोन मतांनी दिवे स्थिर ठेवायचे ठरले. उघड्या तारा किंवा सैल पिन असलेली माळ वापरायची नाही आणि लाइट्स आउटला प्लग काढायचाच, ही सरांची अट होती.

सजावटीचा क्रम आम्ही एका नियमावर ठरवला. जे सर्वांत आत जायचे ते आधी लावायचे. नंतर आत हात घातला की बाहेरची सगळी रचना मोडते.

आमच्याकडे तीन मापांचे गोळे होते. सहा सेंटिमीटरचे ९, चार सेंटिमीटरचे १२ आणि तीन सेंटिमीटरचे २४. खोक्यात आठ सेंटिमीटरचेही चार होते. ते मोठ्या झाडाचे. तीन फुटांच्या झाडावर एवढा गोळा लावला की झाड लगेच लहान वाटते, कारण डोळा झाडाची उंची गोळ्याशी ताडून पाहतो. ते चार आम्ही खोक्यातच ठेवले. याचे एका मित्राला फार वाईट वाटले, कारण सगळ्यात चकचकीत तेच होते.

मागच्या वर्षी आम्ही सगळे गोळे फांद्यांच्या टोकांना लटकवले होते. टोके वजनाने खाली गेली आणि झाडाने मान टाकली. या वर्षी सहा सेंटिमीटरचे गोळे खोडाजवळ, फांदीच्या मुळाशी लावले. खालच्या थरात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, वर एकही नाही. तिथे तार जाड असल्यामुळे वजन पेलते, हे एक. दुसरे म्हणजे मोठा गोळा दांडा झाकतो. आणि तिसरे, ज्याचा आम्ही आधी विचार केला नव्हता ते असे की चकचकीत गोळा आत असला की जवळच्या दिव्यांचे प्रतिबिंब त्यात पडते आणि शंभर दिवे दीडशे वाटतात. त्यामुळे चकचकीत गोळे आत आणि चकाकी नसलेले, रंग उठून दिसणारे बाहेर, असा क्रम ठेवला.

गोळा दोऱ्याने लांब लटकवू नये. कडीतून डहाळीचे टोकच घालून ते एक वेढा वळवले की गोळा डहाळीत बसल्यासारखा दिसतो आणि कुणी शेजारून धावत गेले तरी हलत नाही. आमच्या कॉमन रूममध्ये शेजारून धावत जाणारे पुष्कळ आहेत.

यानंतर फीत. फितीबद्दल माझे मत ठाम आहे. लहान झाडाला ती गोल गोल गुंडाळूच नये. गुंडाळली की झाडाचे आडवे तुकडे पडतात, आणि वर फांद्या दाबल्या जाऊन अर्धा तासाची मेहनत वाया जाते. त्याऐवजी फितीचे तुकडे करावेत. आमच्याकडे चार सेंटिमीटर रुंदीची तीन मीटर फीत होती. ३० सेंटिमीटरचे दहा तुकडे झाले. याहून रुंद फीत या झाडाला पेलणार नाही.

कडेला बारीक तार असलेली फीत मिळाली तर उत्तम, कारण ती दिलेला आकार धरून ठेवते. आमची साधी साटीनची होती आणि धुतलेल्या मोज्यासारखी लोंबत होती. आम्ही प्रत्येक तुकड्याच्या मागे मधोमध बारीक तांब्याची तार ठेवून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. समोरून काही दिसत नाही आणि फीत हवी तशी वळते.

एक तुकडा कसा लावायचा ते सांगतो, बाकीचे नऊ तसेच. एक टोक चिमटीत चुणून घ्यायचे आणि आत, जवळजवळ खोडापर्यंत खुपसायचे. तिथल्या आतल्या डहाळीने त्याला वेढा द्यायचा. मग फीत बाहेर आणायची, झाडाच्या पृष्ठभागावर तीन बोटे मावतील एवढा फुगा ठेवायचा आणि दुसरे टोक थोडे खाली, तिरक्या रेषेत पुन्हा आत खुपसायचे. दोन्ही टोके दिसता कामा नयेत. पाहणाऱ्याला वाटले पाहिजे की फीत आतून येते, क्षणभर दिसते आणि परत आत जाते. दहाही तुकड्यांचा कल एकाच बाजूला ठेवला, वर डावीकडून खाली उजवीकडे. मग डोळा ते तुकडे आपणच जोडून घेतो आणि एकच लांब फीत झाडातून वाहते आहे असे भासते. फुगा फार ताणला की पट्टी होते, फार सैल सोडला की लोंबतो. तीन बोटांचे माप आम्हाला चार-पाच तुकडे वाया घालवल्यावर सापडले. वाया म्हणजे चुरगळले, इस्त्रीने परत सरळ झाले.

फितीनंतर चार सेंटिमीटरचे बारा गोळे फांद्यांच्या मध्यावर लावले आणि पहिली संध्याकाळ संपली. दहा पावलांवर जाऊन डोळे बारीक करून पाहिले. डोळे बारीक केले की तपशील जातो आणि फक्त उजेड-अंधाराचे डाग उरतात, त्यामुळे चूक चटकन दिसते. चूक दिसलीच. सगळा सोनेरी रंग उजव्या बाजूला गोळा झाला होता आणि डावीकडे दुसऱ्या थरात मोठे काळे भोक होते. आम्ही तिघेही उजव्या हाताचे आणि तिघेही खिडकीच्या बाजूला उभे राहून काम करत होतो. हात जिथे सहज पोचतो तिथे गोळे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही झाडच फिरवत राहिलो, दर पाच मिनिटांनी पाव वळण. एका रंगाचे कुठलेही तीन गोळे घेतले तर त्यांचा वाकडातिकडा त्रिकोण व्हावा, सरळ रांग होऊ नये, एवढे पाहिले. रांगेत उभे राहणे आमचे काम आहे, गोळ्यांचे नाही.

डावीकडचे भोक म्हणजे टॉर्चने सापडलेल्या त्या तीन भोकांचीच जागा. त्यासाठी भर लागते. भर म्हणजे जे स्वतः फारसे दिसत नाही पण रिकामी जागा झाकते ते. सगळ्यात चांगली भर झाडाच्याच हिरव्याची. तुटलेली फांदी आम्ही मुळापासून थोडी उलट फिरवून हिरव्या दोऱ्याने दांड्यालाच बांधली, डहाळ्या पुढे वळवल्या आणि तीनपैकी दोन भोके तिथेच संपली. फांदी तुटली नसती तर काय केले असते कोण जाणे. बाजारात हिरवी झालर मिळते, तिचे वीतभर तुकडेही असेच आत घालता येतात.

उरलेल्या जागांसाठी तो सहावीतला कॅडेट खिसे भरून देवदाराची फुले घेऊन आला. ही खरी फुले नव्हेत. देवदाराचा शंकू चीडच्या शंकूसारखा अख्खा खाली पडत नाही. तो झाडावरच सुटा होतो, पाकळ्या गळतात आणि शेंड्याचा भाग लाकडी गुलाबासारखा खाली येतो. आमच्या पायवाटांवर ते हवे तेवढे असतात आणि आम्ही रोज बुटाखाली चिरडतो. मुठीत मावतील एवढे हे गुलाब तीन फुटांच्या झाडाला अगदी मापात बसतात. चीडचा शंकू आणून पाहिला, पण तो आठ सेंटिमीटरच्या गोळ्यासारखाच डोईजड झाला. गुलाब दोन दिवस उन्हात वाळवून झटकावे लागतात, नाहीतर आतले किडे खोलीत फिरायला निघतात. मागच्या बाजूला बारीक तार गुंडाळून आम्ही नऊ गुलाब लावले, सगळे फांदीच्या मध्याहून आत. प्लॅस्टिकच्या हिरव्यात खरे तपकिरी लाकूड आले की बाजूचे हिरवेही खरे वाटू लागते. सगळ्या सजावटीत फुकट मिळालेली वस्तू हीच, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलीही हीच.

तीन सेंटिमीटरच्या चोवीस गोळ्यांपैकी नऊ आम्ही तीन-तीन एकत्र तारेने बांधून घोस केले आणि जिथे भोक होते तिथे गुलाबाशेजारी खोचले. उरलेले पंधरा डहाळ्यांच्या टोकांना, शेंड्याकडे जास्त. मोठे आत आणि खाली, लहान बाहेर आणि वर. असे केले की झाड निमुळते होत जाते आणि आहे त्याहून उंच वाटते.

कापसाचा बर्फ लावायचा का यावर चर्चा झाली. मी विरोध केला. खरा बर्फ आमच्या शाळेने पाहिलेला आहे. तो डहाळीच्या वरच्या बाजूला बसतो, खालून लोंबत नाही, आणि कापूस नेमका खालून लोंबतो. शिवाय दिव्यांच्या वायरीजवळ कापूस आणि कागद नको. वसईचा माझा वर्गमित्र म्हणाला की त्याच्या आजोबांच्या घरी सुरूच्या झाडाची फांदी आणून सजवायचे आणि तिच्यावर कापूस लावायचे, तेव्हा ते छान दिसायचे. सुरूच्या त्या लांब, केसांसारख्या डहाळ्यांवर दिसतही असेल. इथे नको म्हणालो आणि त्याने ऐकले.

शेवटचे दोन मुद्दे झाडाच्या बाहेरचे आहेत. तीन फुटांचे झाड जमिनीवर ठेवले की माणूस त्याच्याकडे वरून पाहतो. वरून पाहिले की फांद्यांच्या मधून दांडा दिसतोच, कितीही फुलवा. म्हणून आम्ही आमची काळी लोखंडी पेटी आडवी ठेवली, तिच्यावर दुसरी, आणि वर गोणपाट पसरले. झाडाचा मध्य डोळ्यांच्या थोडा खाली आला. स्टँडच्या पायांवर दोन सपाट दगड ठेवून तेही गोणपाटाच्या चुण्यांत झाकले, नाहीतर सजवलेले झाड धक्क्याने सहज कलंडते. झाड कोपऱ्यात असले तरी मागची बाजू अगदी रिकामी ठेवली नाही. तिथे दोन-तीन मोठे गोळे राहू दिले. समोरच सगळे वजन आले की झाड पुढे झुकते, आणि मागच्या गोळ्यांवरचा उजेड फटींतून समोर येतो.

दुसरा मुद्दा ताऱ्याचा. आमच्याकडचा तारा वीतभर रुंद होता. शेंड्याची एक डहाळी त्याला पेलेना, तो दर वेळी सलाम ठोकून खाली वाकायचा. सहावीतल्या कॅडेटने पुठ्ठ्याचा नवा कापला, नऊ सेंटिमीटरचा, वर्तमानपत्र चिकटवून सोनेरी रंगवलेला. शेंड्याच्या तीन डहाळ्यांपैकी दोन एकत्र वळवून त्यांचा कणा केला, मागे तारा बांधला आणि तिसरी पुढे आणून तार झाकली. तारा सरळ उभा राहिला.

हाउस डिनरच्या आधी मोठे दिवे बंद करून माळ लावली. मी दहा पावलांवर गेलो, डोळे बारीक केले. डाव्या बाजूला खाली एक जागा अजून थोडी उघडी होती, ती मला माहीत होती म्हणून दिसली. तो सहावीतला कॅडेट अगदी जवळ गेला, झाडात डोके घातल्यासारखे करून आत पाहिले आणि म्हणाला, "आता अंधार आहे, सर."

२२ तारखेला आम्ही झाड उतरवले. लावले त्याच्या उलट क्रमाने, लहान गोळे आधी आणि माळ शेवटी. फितीचे तुकडे न दुमडता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळले. फांद्या खालून वर एकेक थर मिटवून जुन्या चादरीत सैल बांधल्या, दोरीने आवळल्या नाहीत. खोक्याच्या झाकणावर आतून गोळ्यांची मापे, संख्या आणि फितीची लांबी लिहून ठेवली, आणि तुटलेली फांदी कुठे बांधायची त्याचे चित्र काढले. यादीत तारा लिहिलेला नाही. तो २३ च्या सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून गुवाहाटीच्या गाडीसाठी निघाला.